डब्यावरची तारीख आणि पेढ्याचं वय

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथल्या गेटवर आणखी एक माल उतरतो, तो म्हणजे मिठाईचे बॉक्स. बोनसच्या पाकिटाबरोबर कामगाराच्या हातात अर्ध्या किलोचा एक बॉक्स पडतो. तो बॉक्स मोटारसायकलच्या हँडलला किंवा एसटीच्या खिडकीशी टांगून बदनापूर, अंबड, भोकरदनच्या वाटेला लागतो. घरी गेल्यावर तो लगेच उघडला जातोच असं नाही. आधी देवापुढे ठेवायचा, मग पाहुणे आले की फोडायचा, अशी आपली रीत. म्हणजे मिठाई तयार झाल्यापासून ती तोंडात जाईपर्यंत बरेच दिवस आणि बरेच हात मध्ये येतात. या सगळ्या प्रवासात ती किती ताजी राहिली हे ओळखायचं कसं, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्याकडे याची दोन उत्तरं तयार असतात. काही जण म्हणतात, 'बॉक्सवर तारीख आहे ना, ती बघा.' काही जण म्हणतात, 'तारीख कशाला, नाकाला लावा, कळतं.' दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. तारखेला मिठाई दिसत नाही आणि नाकाला तिचं वय कळत नाही. दोन्ही एकत्र वापरले तरच उपयोग होतो. त्यातलं कोणतं कुठे लागू पडतं, तेवढं समजून घेतलं की काम झालं.

तारीख कोणाची, मालाची की खोक्याची?

आधी बॉक्स पाहू. मिठाई आपल्याकडे दोन प्रकारे येते. कारखान्यात भरून, सीलबंद होऊन आलेला डबा हा पहिला प्रकार. सोनपापडीचा डबा, हवाबंद डब्यातले गुलाबजाम, पाकिटातली चिक्की ही त्याची उदाहरणं. अशा डब्यावर काय छापायचं ते कायद्याने ठरलेलं आहे. पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं आहे त्याची यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, १४ आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारीची खूण आणि तारखा हे सगळं त्यावर असतं. तारखा दोन असतात. एक तयार केल्याची किंवा पॅक केल्याची. दुसरी 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी', म्हणजे त्यानंतर तो पदार्थ विकायचा नाही आणि खायचाही नाही. 'बेस्ट बिफोर' हे शब्द याहून सौम्य आहेत. त्या दिवसापर्यंत चव, वास, खुसखुशीतपणा उत्तम राहील, एवढंच ते सांगतात. पूर्वी पुष्कळ पाकिटांवर फक्त 'बेस्ट बिफोर' असायचं. लेबलांचे २०२० चे नियम जुलै २०२२ पासून लागू झाले, तेव्हापासून 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख आवश्यक झाली आणि 'बेस्ट बिफोर' ही ऐच्छिक जोड राहिली.

दुसरा प्रकार आपल्या जास्त ओळखीचा आहे. दुकानात काचेच्या मागे ट्रे मांडलेले असतात. आपण म्हणतो, 'पाव किलो पेढे द्या.' दुकानदार छापील, रंगीत, वर गणपती किंवा दिवे असलेला बॉक्स उघडतो आणि त्यात पेढे भरतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तो बॉक्स छापखान्यातून हजारांच्या गठ्ठ्याने आलेला असतो. त्याच्यावर जे काही छापलेलं आहे, ते आत पडणारी मिठाई जन्माला येण्याच्या कितीतरी आधी छापलेलं आहे. त्यावर 'बेस्ट बिफोर ७ डेज' असं लिहिलं असेल, पण 'कधीपासून सात' ही जागा कोरी असेल, तर त्या सात आकड्याला अर्थ नाही. सुरुवातच नसलेल्या मोजणीचा शेवट कसा सांगणार?

सुट्या मिठाईची खरी तारीख ट्रेवर असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराला सुट्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेजवळ 'बेस्ट बिफोर'ची तारीख लावणं बंधनकारक झालं. पहिला आदेश त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाला होता आणि त्यात बनवल्याची तारीखही सक्तीची होती. शेवटी जो आदेश लागू झाला, त्यात बनवल्याची तारीख लिहिणं दुकानदाराच्या मर्जीवर सोडलं गेलं. म्हणून आजही पाटीवर एकच तारीख दिसली, तर त्यात दुकानदाराची लबाडी आहे असं समजायचं कारण नाही. पण बनवल्याचा दिवस विचारायला मात्र कोणी अडवलेलं नाही.

पाटीवरची ही तारीख पाहिल्यावर एक साधं काम करायचं. दुकानातून निघण्याआधी तीच तारीख आपल्या बॉक्सच्या झाकणावर पेनने लिहून घ्यायची. ट्रे दुकानात राहतो, पाटी दुकानात राहते आणि बॉक्स घरी येतो. तिसऱ्या दिवशी फ्रिजमधला बॉक्स हातात घेतल्यावर तो कधीचा हे घरातल्या कोणालाच आठवत नाही. पेनने लिहिलेली ती एक ओळ तेव्हा कामी येते.

किती दिवस, हे पाण्यावर ठरतं

प्रत्येक मिठाईचं आयुष्य वेगळं का, हे कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. जंतूंना वाढायला पाणी लागतं. दुधात पाणी भरपूर असतं, म्हणून ते उन्हाळ्यात काही तासांत नासतं. तेच दूध आटवून खवा केला की पाणी पुष्कळ कमी होतं. पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा पडतो, यावरून किती पाणी उडालं त्याचा अंदाज येतो. त्या खव्यात साखर घालून परतलं की उरलेल्या पाण्यातलंही बरंचसं साखर बांधून ठेवते आणि जंतूंच्या वाट्याला कमी येतं. बेसनाच्या लाडवात तर पाणी जवळजवळ नसतंच. तिथे असतं तूप, साखर आणि भाजलेलं पीठ.

आता याच तर्काने प्राधिकरणाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतले अंदाज बघा. कलाकंद त्याच दिवशी खावा असं तिथे म्हटलं आहे, कारण तो ओलसर आणि दाणेदार असतो. रसमलाई, रबडी, रसगुल्ला यांना दोन दिवस. पेढा, साधी बर्फी, खोबऱ्याची बर्फी, मिल्क केक यांना चार दिवस. काजूकतली आणि सुक्या मेव्याचे लाडू यांना सात दिवस. बेसनलाडू, सोहन हलवा अशांना महिनाभर. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि योग्य तऱ्हेने ठेवलेल्या मिठाईचे आहेत, म्हणजे रसमलाई आणि रबडी थंडच ठेवलेली हवी. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पेढ्याला कोणी चार दिवस देणार नाही.

दिवाळीच्या एका बॉक्सचा हिशेब

आता हा हिशेब एका उदाहरणावर करून पाहू. समजा, एका कारखान्याने तीनशे कामगारांसाठी अर्ध्या किलोचे तीनशे बॉक्स सांगितले. दीडशे किलो मिठाई झाली. लक्ष्मीपूजन गुरुवारी आहे. प्रत्येक बॉक्समध्ये चार प्रकार हवेत, काजूकतली, पेढा, बर्फी आणि कलाकंद. एवढा माल एका दिवसात होत नाही, म्हणून दुकानात शनिवारपासून काम सुरू झालं. शनिवारी काजूकतली लाटली. रविवारी खवा परतून पेढे वळले आणि बर्फी थापली. सोमवारी सकाळी कलाकंद केला. सोमवारी रात्री बॉक्स भरले आणि झाकणावर शिक्का मारला, 'पॅकिंग सोमवार, बेस्ट बिफोर चार दिवस'. मंगळवारी टेम्पो गेटवर आला. बॉक्स स्टोअरमध्ये रचले गेले. बुधवारी पाळी सुटताना वाटप झालं. दुसऱ्या पाळीचे लोक रात्री उशिरा सुटले, मुक्काम करून गुरुवारी सकाळी गावी पोहोचले. संध्याकाळी पूजा झाली आणि बॉक्स उघडला.

शिक्का वाचणाऱ्याला वाटतं, सोमवारपासून चार दिवस म्हणजे गुरुवार, आपण वेळेत आहोत. आता एकेक पदार्थ मोजा. कलाकंद सोमवारी सकाळचा, तो सोमवारीच संपायला हवा होता. टेम्पोत चढण्यापूर्वीच त्याचं आयुष्य संपलं होतं. पेढा आणि बर्फी रविवारची, रविवार धरून चार दिवस म्हणजे बुधवारची रात्र. तीही एक दिवस मागे पडली. काजूकतली शनिवारची, तिला शुक्रवारपर्यंत सवड आहे. म्हणजे चारपैकी फक्त एक प्रकार मुदतीत आहे, आणि शिक्का तर म्हणतो सगळं ठीक आहे. यात कोणी खोटं लिहिलं असं नाही. पॅकिंग सोमवारीच झालं होतं. मोजणी मात्र बॉक्स भरल्यापासून झाली, पदार्थ तयार झाल्यापासून नाही.

मिश्र बॉक्सचा आणखी एक तोटा आहे. ओला कलाकंद आणि कोरडी काजूकतली बंद डब्यात शेजारी शेजारी ठेवली की ओलावा ओल्याकडून कोरड्याकडे सरकतो. एरवी सात दिवस टिकणारी कतली कडेने मऊ, चिकट होते आणि तिथे बुरशीला जागा मिळते. म्हणून मिश्र बॉक्सची मुदत त्यातल्या सर्वांत अल्पायुषी पदार्थाची समजायची.

मग कारखान्याने काय करावं? वाटप दोन-तीन दिवस चालणार असेल, तर ओले आणि खव्याचे प्रकार यादीतून काढावेत. बेसनलाडू, काजूकतली, सुक्या मेव्याचे लाडू, चिक्की हे प्रकार अशा प्रवासासाठीच आहेत. पेढेच हवेत असतील, तर ते वाटपाच्या आदल्या दिवशी वळलेले असावेत अशी अट ऑर्डर देतानाच लिहून घ्यावी आणि शिक्क्यावर पॅकिंगऐवजी बनवल्याचा दिवस मागावा. वाटप होईपर्यंत बॉक्स भट्टीच्या बाजूच्या खोलीत न ठेवता ऑफिसच्या थंड खोलीत ठेवावेत, एवढ्यानेही फरक पडतो.

डोळ्यांना आणि नाकाला काय कळतं

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ. दुधाची मिठाई बिघडते तेव्हा ती तीन वाटांनी बिघडते आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी आहे.

पहिली वाट आंबण्याची. पाणी जास्त असलेल्या मिठाईत ती आधी दिसते. रसगुल्ल्याचा पाक स्वच्छ, पारदर्शक असायला हवा. तो गढूळ झाला, त्यावर बारीक बुडबुडे आले किंवा चमचा वर उचलल्यावर पाकाला एरवी नसणारी बुळबुळीत तार सुटली, तर तो गेला. रबडी आणि रसमलाईला आंबूस वास येतो आणि दूध फाटल्यासारखं पाणी वेगळं दिसू लागतं. कलाकंद हाताला बुळबुळीत लागतो. इथे नाक बऱ्यापैकी विश्वासू आहे.

दुसरी वाट बुरशीची. पेढा, बर्फी, मावा केक यांत ती जास्त. ती वरून दिसेल अशी अपेक्षा करू नका. ती सुरू होते बुडाशी, पेढ्याला कागदी वाटी चिकटते तिथे, दोन वड्या एकमेकींना टेकतात तिथे. म्हणून पेढा वाटीतून काढून उलटा करून बघायचा. आधी पांढरा कापसासारखा लवदार ठिपका, मग त्यात हिरवट किंवा काळपट रंग, असा तिचा क्रम आहे. 'तेवढं खरवडून टाका, बाकीचं चांगलं आहे,' असं घरात कोणीतरी म्हणतंच. पण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात आणि तिचे बीजकण डब्यातल्या शेजाऱ्यांवर उडालेले असतात. एका पेढ्याला बुरशी दिसली की तो डबा संपला असं समजावं.

बर्फीवरचा प्रत्येक पांढरा डाग मात्र बुरशीचा नसतो, आणि उगाच चांगली मिठाईही फेकू नये. थंडीत तूप थिजून पांढरे ठिपके दिसतात. त्यावर बोट टेकवून धरलं की बोटाच्या उबेने ते वितळतात. कधी साखर दाणे धरून वर येते. तिथे कोमट पाण्याचा थेंब टाकला की ती विरघळून जाते. बुरशी उबेने वितळत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही, ती ओली होऊन लिबलिबीत गोळा होते. ही परीक्षा डोळ्यांनी आणि बोटाने करायची, जिभेने नाही.

तिसरी वाट खवट होण्याची. यात तुपाचा आणि स्निग्धांशाचा हवेशी संबंध येऊन वास बदलतो. जुन्या तेलासारखा, कधी साबणासारखा वास आणि घशात टोचणारी चव ही त्याची खूण. याला वेळ लागतो. म्हणून जास्त दिवस टिकणाऱ्या लाडू, शंकरपाळ्यांत हीच वाट महत्त्वाची आहे. खवट लाडवाने माणूस सहसा आजारी पडत नाही, पण तो लाडू जुन्या तुपाचा किंवा जुना आहे, एवढं नक्की कळतं.

जे दिसत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पेढा सुरेख दिसतो, वास छान येतो, चवही उत्तम, आणि तरी तो खाऊन दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. हे कसं होतं?

स्टॅफिलोकॉकस नावाचा एक जिवाणू आपल्या नाकात, त्वचेवर, विशेषतः पिकलेल्या जखमेत असतो. खवा आणि साखर कढईत परतताना त्यातले बहुतेक जंतू मरतात. म्हणून ताजा परतलेला खवा बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पण पेढा कढईत वळता येत नाही. खवा निवतो, मग हात लागतात, साचा लागतो, कागदी वाटी लागते. त्या हाताच्या बोटाला पू झालेली जखम असेल, तर जिवाणू पेढ्यावर उतरतात. साखरेमुळे पेढ्यात मोकळं पाणी कमी असतं आणि बाकीचे बरेच जंतू तिथे नीट वाढत नाहीत. हा जिवाणू मात्र तेवढ्या पाण्यातही तग धरतो आणि उबेत वाढताना विष तयार करतो. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. मिठाई आंबतही नाही. पुढे ती गरम केली तर जिवाणू मरतो, पण विष नेहमीच्या उष्णतेने नाहीसं होत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने वाढ थांबते, पण आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात.

नाकावर सगळा भार टाकणारे इथे फसतात. जे दिसत नाही त्याच्यापासून बचाव करणारं साधन एकच, ते म्हणजे वेळ. मिठाई बनल्यापासून किती तास उबेत राहिली, याचा हिशेब तारीखच देऊ शकते. म्हणून 'मुदत उलटली आहे पण वास चांगला येतोय' हे वाक्य दुधाच्या मिठाईला लागू करू नये. याच्या उलटही खरं आहे. मुदत शिल्लक आहे पण वास बिघडला आहे, तर तारीख बघून खाऊ नये. दोघांपैकी एकानेही नकार दिला, तर नकारच मानायचा.

खव्याच्या बाबतीत आणखी एक सांगतो. आपल्या मराठवाड्यात भूम, कुंथलगिरी भागातला खवा प्रसिद्ध आहे आणि सणात खवा लांबून येतो. पेढा आज वळला असला, तरी खवा कधी आटवला हा वेगळा प्रश्न असतो. परतल्याने जुन्या खव्यातले जंतू मरतील, पण तो खवट झाला असेल किंवा त्यात आधीच विष तयार झालं असेल, तर पेढ्याची तारीख ताजी असूनही माल जुनाच आहे. चांगला दुकानदार 'खवा कधीचा?' या प्रश्नाला रागवत नाही, सरळ दिवस सांगतो.

बेकरीचा माल

बेकरीत तारखेचा अर्थ थोडा वेगळा आहे. इथे महत्त्वाची वेळ भट्टीतून बाहेर काढल्याची. भट्टीत पावाच्या वरच्या सालीवरची बुरशी पूर्ण मरते. नंतर येते ती हवेतून, कापायच्या सुरीवरून, पाकिटातून. गरम पाव पाकिटात भरला तर आत वाफेचे थेंब धरतात आणि त्या थेंबांवरच दोन दिवसांत हिरवट ठिपके येतात. म्हणून पाकीट घेताना तारखेबरोबर आतली बाजू बघा. प्लास्टिकच्या आत घाम आला असेल, तर तारीख आजची असली तरी ते ठेवून द्या.

पाव कडक होणं आणि पाव बिघडणं या दोन गोष्टी आहेत. पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणून पाव शिळा, कडक लागतो. तो भाजून खायला हरकत नाही. फ्रिजमध्ये हे कडक होणं उलट लवकर होतं, बुरशी मात्र उशिरा येते. उन्हाळ्यात एक वेगळीच बिघाडी होते. पाव वरून ठीक दिसतो, पण मोडल्यावर आतला भाग चिकट असतो, ओढल्यावर बारीक तार सुटते आणि जास्त पिकलेल्या अननसासारखा वास येतो. पिठातल्या एका जिवाणूचे बीज भट्टीच्या आचेतही पावाच्या गाभ्यात तगतात आणि उष्ण हवेत वाढतात, त्याचा हा परिणाम. असा पाव भाजूनही खायचा नाही.

खारी, टोस्ट, नानकटाई यांत पाणी फारच कमी, म्हणून बुरशीची भीती कमी. पावसाळ्यात खारी सादळते, त्याने अपाय नाही. तिथे वास बघायचा. वनस्पती तुपाचा खवट वास आला तर पाकीट जुनं आहे. क्रीमरोल, पेस्ट्री आणि मावा केक मात्र बेकरीच्या काउंटरवर असले, तरी त्यांचा हिशेब दुधाच्या मिठाईचा. मावा केक दिसायला केक आहे, पण त्यात खवा आहे, हे विसरू नये. पेस्ट्री थंड काचेच्या कपाटात नसेल आणि वर पंखा फिरत असेल, तर तिच्यावर कोणतीही तारीख असो, ती घेऊ नये.

घरी आणल्यावर

पेढा, बर्फी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच बाहेर काढावी. पूर्ण डबा बाहेर काढून पुन्हा आत ठेवला की थंड मिठाईवर हवेतलं पाणी साठतं आणि आपणच बुरशीला ओल देतो. बेसनाचे लाडू, चिक्की यांना फ्रिजची गरज नाही, कोरडा डबा पुरे. मिठाई काढताना ओला हात किंवा उष्टा चमचा नको.

इतकं करूनही घेतलेला माल बिघडलेला निघाला, तर तो लगेच फेकू नका. बॉक्स, बिल आणि उरलेली मिठाई वेगळ्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्या पिशवीवर 'खाऊ नये' असं लिहा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. तक्रार करताना कोणता पदार्थ, कोणत्या दिवशी घेतला, ट्रेवर किंवा बॉक्सवर कोणती तारीख होती आणि किती वेळाने त्रास झाला, हे सांगता आलं तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. उलट्या थांबत नसतील, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर आधी डॉक्टर आणि मग तक्रार.

येत्या सणाला काउंटरवर उभे राहाल, तेव्हा 'ताजं आहे ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर कोणत्याही दुकानात 'हो' असंच मिळतं. 'हा पेढा कोणत्या दिवशी वळला आणि कोणत्या दिवसापर्यंत संपवू?' असं विचारा. उत्तरात मिळालेले ते दोन दिवस तिथेच झाकणावर लिहून घ्या.